मराठी-हिंदी ईमेलच्या अनुवादात शब्द तोच राहिला तर अर्थ कुठे बदलतो?

«आमच्या ऑफिसात पुरवठादारांचे हिंदी ईमेल मराठीत आणि आमचे मराठी ईमेल हिंदीत करायचं काम माझ्याकडे आलंय. लिपी एकच, निम्मे शब्द सारखेच, तरी समोरचे चुकीचा अर्थ घेतात. नेमकं कुठे लक्ष ठेवू?»

‘शिक्षा’सारख्या शब्दांची चिंता करू नका. हिंदीत शिक्षण आणि मराठीत दंड, हे सगळ्यांना माहीत असतं. शिवाय चुकलंच तर वाक्य इतकं विचित्र होतं की वाचणारा थांबतो. घात होतो तो अशा शब्दांमुळे, जे जसेच्या तसे ठेवले तरी वाक्य सरळ वाचलं जातं आणि अर्थ मात्र गुपचूप बदलतो. व्यवहाराच्या ईमेलमध्ये असे शब्द फार नाहीत, पण नेमके तक्रार, बिल आणि जबाबदारीच्या वाक्यांत येतात.

माझ्या हातून झालेली चूक सांगतो. खरेदी विभागाने चाळीस खोके मागवले होते, त्यातले बारा फाटके आले. मराठी तक्रार मी हिंदीत करून पाठवली. पुरवठादाराचं उत्तर आलं: «आपकी आपत्ति मिली। इसे आवश्यक कार्रवाई के लिए गुणवत्ता विभाग को भेज दिया है। संशोधित बिल कल भेजेंगे। आशा है इससे समाधान हो जाएगा।»

मी ‘आपत्ति’ची ‘हरकत’ केली, ते बरोबर होतं. मराठीत आपत्ती म्हणजे संकट, हे लक्षात होतं. पण पुढे लिहिलं, «आवश्यक कारवाईसाठी गुणवत्ता विभागाकडे पाठवली आहे» आणि शेवटी, «यामुळे समाधान होईल अशी आशा आहे». दोन्ही वाक्यं मराठीत खटकत नाहीत. म्हणूनच ती माझ्या नजरेतून सुटली.

खरेदी विभागाने ‘कारवाई’ मराठी कानाने ऐकली. आपल्याकडे कारवाई होते ती कुणावर तरी. त्यांनी विचारलं की दोषी कोण होता आणि त्याच्यावर काय कारवाई झाली. पुरवठादार चक्रावला, कारण त्याने फक्त ‘पुढचं काम सुरू केलंय’ एवढंच म्हटलं होतं. हिंदीत ‘आवश्यक कार्रवाई’ हा ऑफिसचा रोजचा, तटस्थ शब्दप्रयोग आहे. ‘किसी के ख़िलाफ़’ किंवा ‘किसी पर’ जोडलं की त्यात शिस्तभंगाची धार येते. मराठीत त्या तटस्थ जागी ‘कार्यवाही’ हवी होती. उलट दिशेने जाताना मात्र आपली ‘कार्यवाही’ तशीच ठेवू नका. हिंदीत ‘कार्यवाही’ म्हटलं की बहुधा सभेचं किंवा कोर्टाचं कामकाज डोळ्यांपुढे येतं, म्हणून ‘योग्य ती कार्यवाही करावी’ याचं ‘उचित कार्रवाई करें’ असं करायचं.

‘समाधान’ने त्याहून जास्त गोंधळ घातला. हिंदीत समाधान म्हणजे प्रश्न सुटणं, मराठीत मन तृप्त होणं. खरेदी विभागाला वाटलं की बिल कमी करून तुम्ही आता खूश व्हा, असं पुरवठादार सुचवतोय. त्यांना तर बारा खोके बदलून हवे होते. त्या वाक्याचं मराठी ‘यामुळे प्रश्न मिटेल अशी आशा आहे’ असं असतं, तर पुढचा ईमेल ‘नुसत्या बिलाने मिटणार नाही, खोके बदलून द्या’ इतका साधा गेला असता. त्याऐवजी दोन दिवस रागाची उत्तरं लिहिण्यात गेले. उलटही तेच: ‘तुमच्या उत्तराने आमचे समाधान झालेले नाही’ याचं हिंदी ‘हम आपके उत्तर से संतुष्ट नहीं हैं’.

‘संशोधित बिल’ मी ‘सुधारित बिल’ केलं होतं. मराठीत संशोधन म्हणजे नवं काही शोधून काढण्याचा अभ्यास, तेव्हा बिलाचं संशोधन होत नाही. याच वर्गातला आणखी एक शब्द ‘पर्याय’. आपण ‘दोन पर्याय आहेत’ लिहितो, हिंदीत त्याचे ‘दो विकल्प’ होतात. तिथे पर्याय म्हणजे समानार्थी शब्द.

आता ‘हरकत’. मराठी ईमेलमध्ये सर्रास असतं, ‘आपली काही हरकत असल्यास कळवावे’. हा शब्द हिंदीत तसाच नेलात तर वाचणाऱ्याला ‘तुमचं काही गैरवर्तन असेल तर कळवा’ असं काहीतरी ऐकू येतं, कारण तिथे हरकत म्हणजे हालचाल, आणि बऱ्याचदा वाईट कृत्य. तिथे ‘आपत्ति’च हवी. ‘ना हरकत प्रमाणपत्र’ हिंदीत ‘अनापत्ति प्रमाण पत्र’ होतं, यावरून ही जोडी लक्षात ठेवा.

इथवर नामं झाली. माझ्या मते खरा धोका एका सर्वनामात आहे, कारण त्यावर कुणाचं लक्षच जात नाही. हिंदीच्या ‘हम’मध्ये मराठीचं ‘आम्ही’ आणि ‘आपण’ दोन्ही मावतात. समजा ईमेलमध्ये आहे, «जैसा हमने तय किया था, वापसी का ख़र्च हम उठाएँगे।» पहिलं ‘हम’ दोघांचं, दुसरं फक्त लिहिणाऱ्याचं. नीट मराठी असं: «आपल्यात ठरल्याप्रमाणे परत पाठवण्याचा खर्च आम्ही करू.» पहिल्या जागी ‘आम्ही ठरवल्याप्रमाणे’ लिहिलं तर एकतर्फी निर्णय वाटतो. दुसऱ्या जागी ‘आपण करू’ लिहिलं तर खर्च वाटून घ्यायचा, असा अर्थ निघतो. एका शब्दाने पैसे कुणी द्यायचे ते बदलतं.

मराठीतून हिंदीत जाताना ‘आपण’ दुसऱ्या बाजूने फसवतो, कारण तो आदरार्थी ‘तुम्ही’ही असतो. ‘आपण पाठवू’ म्हणजे हम, ‘आपण पाठवाल’ म्हणजे आप, हे क्रियापद सांगतं. पण ‘आपण ठरवलेला दर’ कुणी ठरवला, हे वाक्यातून कळत नाही. अशा वेळी अंदाज न करता ज्याने ईमेल लिहिला त्यालाच विचारा. मी आजही विचारतो.

‘कल’बद्दल एकच सांगतो. वाक्यात क्रियापद असेल तर काल की उद्या ते कळतं, पण ‘कल की डिलीवरी’ अशा विषयाच्या ओळीत कळत नाही. संदर्भ पाहून तिथे तारीखच घाला.

तपासायची माझी पद्धत अशी. अनुवाद झाला की मूळ ईमेल शेजारी ठेवून दोन्हीकडे सारखेच राहिलेले शब्द अधोरेखित करतो. स्पेलचेक इथे उपयोगी नाही, शब्द दोन्ही भाषांत शुद्धच असतात. मग अधोरेखित शब्दाऐवजी बोलण्यातला साधा शब्द घालून वाक्य मनात म्हणतो: समाधानाच्या जागी ‘मन भरलं’, कारवाईच्या जागी ‘शिक्षा केली’. मूळ लिहिणाऱ्याला ते म्हणायचं नव्हतं असं वाटलं की तो शब्द बदलतो. शेवटी प्रत्येक ‘हम’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’वर बोट ठेवून समासात त्या पक्षाचं नाव लिहितो: ‘खरेदीदार’, ‘पुरवठादार’ किंवा ‘दोघे’. एका पानाच्या ईमेलला यात पाचेक मिनिटं जातात. ज्या ठिकाणी नाव लिहिता येत नाही, ते वाक्य अजून पाठवण्याजोगं झालेलं नसतं.