खर्रा आणि गाठीतली खूण

"काकांना पंचवीस वर्षांपासून खर्ऱ्याची सवय. आता गालाच्या आतून कॅन्सर निघाला. जीन पॅनलच्या रिपोर्टात SBS4 आढळली नाही असं लिहिलंय. म्हणजे खर्ऱ्यानं नाही झाला काय?"

तसा अर्थ काढू नका. SBS4 ही तंबाखूच्या धुरानं गाठीच्या डीएनएत उमटणारी बदलांची खूण आहे आणि तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा कोणी पेटवत नाही.

डीएनएतलं एक अक्षर सहा प्रकारे बदलतं. आधीचं आणि नंतरचं अक्षर धरलं की 6×4×4, म्हणजे 96 रकाने होतात. कोणते रकाने भरतात यावरून कारणाचा माग लागतो. शेजारीशेजारी C किंवा T असलेल्या जागी C>T, म्हणजे C चं T होणारे बदल वाढले तर संशय उन्हावर जातो. बिडी-सिगारेटच्या धुरातलं बेन्झोपायरीन G ला चिकटतं, त्यातून C>A वाढतात, हीच SBS4. पण तोंडात ती सिगारेट ओढणाऱ्यांतही फिकी असते. 2016 च्या एका अभ्यासात रोज एक पाकीट वर्षभर ओढण्यामागे फुप्फुसाच्या पेशीत सरासरी 150 बदल निघाले, तोंडाच्या पेशीत फक्त 23.

तंबाखू चघळणाऱ्यांच्या गाठींत SBS29 नावाची वेगळी खूण सापडली आहे, तीही प्रत्येकात दिसत नाही. तोंडाच्या कॅन्सरमध्ये SBS2 आणि SBS13 बऱ्याचदा दिसतात. त्या डीएनएतली अक्षरं बदलणाऱ्या, पेशीच्याच अपोबेक एन्झाइमांच्या असतात. शिवाय सुपारी आणि चुन्यानं गालाचं अस्तर सतत सोलवटतं, पेशी भराभर विभागतात. या नुकसानीची स्वतःची अशी खूण अक्षरांत उमटेलच असं नाही.

आता तुमच्या रिपोर्टाचा खरा अडसर. निवडक जीन तपासणारं पॅनल साधारण 15 लाख अक्षरं वाचतं असं धरा. गाठीत दर दहा लाखांमागे 4 बदल असतील तर हाती सहाच येतात. 96 रकान्यांत सहा दाणे टाकून नक्षी ओळखता येत नाही. एक्झोमच्या, म्हणजे सगळ्या जीनमधल्या प्रथिनं बनवणाऱ्या भागांच्या 3 कोटी अक्षरांत हेच सुमारे 120 होतील, पूर्ण जीनोमच्या 300 कोटींत 12,000. म्हणून लॅबला विचारा: किती अक्षरं वाचली, किती बदल मोजले, आणि जन्मजात फरक वगळायला काकांचं रक्त सोबत तपासलं का? बदल बोटांवर मोजण्याएवढे असतील तर "आढळली नाही" याचा अर्थ "पाहता आली नाही" एवढाच.

उलटी चूकही होते. नमुन्यातल्या डीएनएचे तुकडे करताना ऑक्सिडेशन झालं तर खोटे C>A तयार होतात आणि तंबाखूचा भास होतो. असे बदल बहुधा मशीननं वाचलेल्या तुकड्यांपैकी, म्हणजे रीड्सपैकी, फार थोड्यांत दिसतात. खऱ्या SBS4 मध्ये जीनच्या दोन धाग्यांवर नुकसान सारखं नसतं, कारण जो धागा पेशी वाचते त्याची दुरुस्ती ती आधी करते. खोट्या बदलांत हा फरक नसतो.

खर्ऱ्याविषयीचा पुरावा या खुणेवर उभा नाही. तंबाखूसह आणि तंबाखूशिवायही सुपारी चघळणं कॅन्सरकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं, आयएआरसीनं, 2004 च्या मोनोग्राफमध्ये नोंदवलंय. काकांचा खर्रा चालू असेल तर या रिपोर्टाच्या भरवशावर तो चालू ठेवू देऊ नका.