ब्रेकइव्हन महागाई काढताना

समान मुदतीच्या साध्या रोख्याचा परतावा ७ टक्के आणि महागाईनुसार रक्कम वाढणाऱ्या महागाई-निर्देशित रोख्याचा, महागाई वगळून, २.५ टक्के असेल, तर वजाबाकीने ब्रेकइव्हन, म्हणजे दोन्ही रोखे सारखेच ठरतील तो महागाईचा दर, ४.५ टक्के येतो, काटेकोरपणे १.०७ ला १.०२५ ने भागल्यास तो सुमारे ४.३९ टक्के निघतो. मुदतीतील सरासरी महागाई याहून अधिक राहिली, तरच निर्देशित रोखा सरस ठरतो. ही महागाई संबंधित निर्देशांकाची असते. जून २०१३ मधील आपले रोखे घाऊक निर्देशांकाला जोडलेले होते, सोलापूरच्या बाजारातील ज्वारीच्या भावाला नव्हे.

मात्र या आकड्याला भाकीत समजू नका. मार्च २०२० मध्ये रोकडीसाठी विक्री सुरू झाली, तेव्हा अमेरिकेतील कमी उलाढालीच्या निर्देशित रोख्यांचा परतावा उसळला आणि दहा वर्षांचा ब्रेकइव्हन अर्ध्या टक्क्याजवळ घसरला. म्हणून घसरण दिसताच खरेदी-विक्रीच्या भावांतील अंतर वाढले आहे का, हे आधी तपासावे.