पाठवलेल्या रिपोर्टमध्ये चूक निघाली, तर क्लायंटला दुरुस्तीचा मेल कसा लिहावा?

प्रश्न: चाकणच्या क्लायंटला काल गेलेल्या मासिक इन्स्पेक्शन रिपोर्टमध्ये रिजेक्शनचा आकडा चुकलाय. टीमच्या ग्रुपवर नुसता गोंधळ चाललाय आणि साहेबांना तासाभरात मेल हवाय. या चॅटमधून मेल कसा काढू?

उत्तर: मी भोसरीत क्वालिटीचं काम पाहतो आणि असे मेल लिहिणं माझ्या कामाचाच भाग आहे. तुमचा नेमका आकडा मला माहीत नाही, म्हणून या कामात नेहमी दिसणारं एक उदाहरण घेतो.

ग्रुपवर साधारण असं चाललेलं असतं: "अरे ४५० पीपीएम चुकीचं आहे!!", "फिल्टर राहिला वाटतं", "मागचे रिपोर्टपण असेच गेले असणार", "शेवटी कोणी हात लावला होता फाइलला?", "मेल रिकॉल करा लवकर".

यातलं एकही वाक्य जसंच्या तसं मेलमध्ये जात नाही. पहिलं वाक्य माहिती आहे, पण अर्धीच, कारण बरोबर आकडा त्यात नाही. दुसरं आणि तिसरं अंदाज आहेत. ते तपासून एकतर खरे ठरवायचे, नाहीतर सोडून द्यायचे. चौथा प्रश्न तुमच्या घरातला आहे, क्लायंटचा त्याच्याशी संबंध नाही. आणि रिकॉलच्या नादी लागू नका. आउटलुकचं रिकॉल आपल्याच कंपनीच्या आतल्या मेलपुरतं चालतं, बाहेर गेलेला मेल परत येत नाही.

तपासणी एकाच माणसाने करायची, आणि सेंटमध्ये गेलेली फाइल उघडून. डेस्कटॉपवरची कॉपी एव्हाना कोणीतरी घाईने दुरुस्त केलेली असू शकते. एक्सेलमध्ये फिल्टर लागलेला असेल तर डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे दिसतात आणि मधले काही गायब असतात. SUBTOTAL(9,…) फिल्टरने लपलेल्या ओळी मोजत नाही, SUM मात्र मोजतो. आपल्या उदाहरणात तपासलेले नग SUM ने ४०,००० आले. रिजेक्ट नग SUBTOTAL ने १८ आले, कारण तिसरी पाळी लपलेली होती. तिचे १२ धरले की ३० होतात, म्हणजे ४५० नाही तर ७५० पीपीएम. मागच्या महिन्यांच्या पाठवलेल्या फाइलीही अशाच उघडून बघा. "असणार" हा शब्द तिथेच निकालात निघतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आकडा बदलल्याने निष्कर्ष बदलतो का? क्लायंटची मर्यादा ५०० पीपीएम असेल, तर काल आपण "मर्यादेत" म्हटलं होतं आणि आज ते खोटं ठरलंय. हे मेलच्या मधल्या परिच्छेदात दडवू नका. अशा वेळी आधी फोन करा आणि मग मेल पाठवा, कारण समोरच्याने तो आकडा त्याच्या रिव्ह्यूच्या स्लाइडवर टाकलेला असू शकतो.

मेल कालच्याच मेलला "रिप्लाय ऑल" करून पाठवा, म्हणजे ज्यांच्याकडे चूक गेली त्या सगळ्यांकडे दुरुस्तीही जाईल. भाषा तुमच्या रोजच्या व्यवहाराची ठेवा. मजकूर साधारण असा:

> विषय: सुधारित – मासिक इन्स्पेक्शन रिपोर्ट (रिव्हिजन १)
>
> नमस्कार सर,
>
> काल पाठवलेल्या रिपोर्टमधला एकूण रिजेक्शनचा आकडा चुकीचा होता. ४५० पीपीएमऐवजी तो ७५० पीपीएम (४०,००० पैकी ३० नग) असा वाचावा. त्यामुळे हा महिना ५०० पीपीएमच्या मर्यादेबाहेर जातो.
>
> बेरजेत तिसऱ्या पाळीच्या नोंदी सुटल्या होत्या. पाळीनिहाय तक्ते आणि दोषांचं वर्गीकरण बरोबर आहे, त्यात बदल नाही. मागच्या दोन महिन्यांचे रिपोर्ट तपासले, त्यात ही चूक नाही.
>
> सुधारित फाइल सोबत जोडली आहे. कृपया कालची फाइल वापरू नये. ४५० हा आकडा कुठे घेतला असल्यास तो बदलावा. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.

दिलगिरी एकदाच. तीन वेळा माफी मागितली की वाचणाऱ्याला वाटतं, अजून काहीतरी लपवलंय. "किरकोळ चूक" असंही लिहू नका. ती किरकोळ आहे की नाही हे क्लायंट ठरवेल. तक्ते बरोबर आहेत, मागचे महिने तपासले ही वाक्यं मात्र तुम्ही खरंच पाहिलं असेल तरच ठेवा. मागचे महिने बघून व्हायचे असतील तर "आज संध्याकाळी सहापर्यंत कळवतो" असं लिहा आणि सहाच्या आत कळवा.

पाठवण्याआधी ग्रुपवर नसलेल्या कोणाला तरी मेल आणि जोडलेली फाइल शेजारी उघडून आकडे जुळवायला सांगा. दुरुस्तीच्या मेललाच जुनी फाइल जोडली जाणं घाईत फार सहज होतं. मेल गेला की ग्रुपवर एवढंच टाका: "मेल गेला. क्लायंटचा फोन आला तर साहेबांकडे द्या."