‘दोघांनाही समज द्यावी’ असं लिहिण्याआधी

“आमच्या कार्यालयातल्या दोघांच्या वादाची चौकशी तीन जणांच्या समितीकडे आली आहे आणि अहवाल मी लिहायचा आहे. दोघांबरोबर मला पुढेही काम करायचं आहे. साक्षीदार एकमेकांविरुद्ध बोलतात. कुणाची बाजू घेतली असं वाटू नये म्हणून ‘दोघांचीही थोडी चूक आहे, दोघांनाही समज द्यावी’ असं लिहून मोकळं व्हावं का?”

हेच वाक्य आधीच लिहून झालेल्या एक बाई काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आल्या होत्या. त्यांच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून सांगते. त्या आल्या झोप लागत नाही म्हणून. कागद त्यांनी आणले नव्हते, नावंही घेतली नाहीत, आणि ते योग्यच होतं, कारण चौकशी गोपनीय होती. त्यामुळे आमचं सगळं बोलणं ‘लिपिक’ आणि ‘पर्यवेक्षक’ असंच झालं.

भांडारातल्या लिपिकाची तक्रार अशी की पर्यवेक्षकांनी सगळ्यांसमोर चोर म्हटलं, नोंदवही अंगावर फेकली आणि आधीचे सहा महिने मुद्दाम रजा नाकारल्या. पर्यवेक्षकांचं म्हणणं, लिपिकाने साठ्याच्या आकड्यात खाडाखोड केली, त्यावरून आवाज चढला, बाकी काही नाही.

बाईंनी हे सगळं मिळून ‘एक भांडण’ धरलं होतं. भांडण एक धरलं की निकालही एकच लागतो आणि तो कुणाच्या तरी विरोधात जातो. म्हणून मी त्यांना एका कोऱ्या कागदावर चार आरोप वेगवेगळे लिहायला सांगितले: लिपिकाचे तीन, पर्यवेक्षकांचा एक. प्रत्येकाखाली फक्त पुरावा. कोण कसा आहे हे कुठेही लिहायचं नाही.

पहिला आरोप ‘चोर’ शब्दाचा. त्यांच्या मसुद्यात होतं, ‘दोन साक्षीदारांनी दुजोरा दिला.’ मी विचारलं, दोघे कुठे उभे होते? त्या थबकल्या. दुसऱ्या दिवशी जबाब पुन्हा वाचून त्यांनी फोन केला. एक जण दोन हातांवर बसला होता आणि त्याने शब्द स्वतः ऐकला होता. दुसरा त्या वेळी आवक-जावक टेबलापाशी होता, त्याला प्रकार नंतर लिपिकानेच सांगितला. म्हणजे दुसरा साक्षीदार हा लिपिकाच्याच शब्दाचा प्रतिध्वनी. चौकशीत ही चूक फार वेळा होते. माणसं मोजली जातात, पण माहिती कुठून आली ते मोजलं जात नाही.

मग उरलं काय? स्वतः ऐकणारा एक साक्षीदार. लिपिकाने प्रसंगानंतर वीस मिनिटांनी सहकाऱ्याला पाठवलेला संदेश, ज्यात तोच शब्द होता. संदेश लिपिकाचाच, त्यामुळे तो स्वतंत्र पुरावा नव्हे. पण ही गोष्ट आठवड्याने रचलेली नाही एवढं त्यातून कळतं. आणि तिसरी गोष्ट पर्यवेक्षकांच्या स्वतःच्या जबाबातली: ‘ही चोरीच आहे असं मी म्हणालो, पण नोंदीबद्दल.’ कार्यालयीन चौकशीत फौजदारी खटल्यासारखी निःसंशय खात्री लागत नाही. घडलं असण्याची शक्यता न घडल्यापेक्षा जास्त आहे का, एवढं पाहायचं आणि तसं म्हणण्याची कारणं लिहायची. आरोप सिद्ध, असं त्यांनी लिहिलं, आणि त्याखाली ही तिन्ही कारणं.

नोंदवहीचा मुद्दा खरा गुंत्याचा होता. एक साक्षीदार म्हणतो ‘फेकली’, दुसरा ‘आपटली’, पर्यवेक्षक म्हणतात ‘ठेवली, जरा जोरात.’ बाईंनी तिन्ही क्रियापदं गाळून ‘वही फेकण्याचा प्रकार घडला’ असं लिहिलं होतं. म्हणजे निष्कर्ष पुराव्याच्या परिच्छेदातच शिरला होता. मी म्हटलं, जबाबातला शब्द जसाच्या तसा अवतरणात ठेवा, आपला शब्द निष्कर्षासाठी राखा. कॅमेऱ्याचं चित्रण होतं, आवाजाशिवाय. त्यात वही टेबलावर आदळून घसरत जाताना आणि पलीकडच्या कडेवरून खाली पडताना दिसते. लिपिक उजवीकडे, कपाटाजवळ उभा. निष्कर्ष दोन तुकड्यांत आला: वही टेबलावर आपटली, हे सिद्ध. अंगावर फेकली, हे सिद्ध झालं नाही.

इथे त्या अडल्या. “मग लिपिक खोटं बोलला असं होईल ना?” नाही होत. ‘सिद्ध झालं नाही’ याचा अर्थ समितीपुढच्या पुराव्यावरून तसं म्हणता येत नाही, इतकाच. ‘तक्रार खोटी’ हा वेगळा निष्कर्ष आहे आणि त्यासाठी वेगळा पुरावा लागतो. समोरून वेगाने येणारी वही माणसाला अंगावर आल्यासारखी वाटू शकते. हा फरक अहवालातच एका वाक्यात लिहावा, नाहीतर वाचणारा स्वतःचा अर्थ लावतो. (आणि तो नेहमी वाईटच लावतो.)

रजेचा आरोप लवकर निकालात निघाला. सहा अर्जांपैकी पाच मंजूर, एक नामंजूर, आणि त्याच आठवड्यात आणखी दोघांची रजाही नाकारलेली. सिद्ध झालं नाही.

खाडाखोडीची हकिगत मात्र मला अजून आठवते. नोंदवहीत १८ चे १३ केलेले होते. मसुद्यात ‘लिपिकाने फेरफार केला’ असं सरळ लिहिलेलं. पण माल आल्याची पावती काढली तर तिच्यावर १३ च होते. दुरुस्ती बरोबर होती! ती कुणी केली हे ठरवता येत नव्हतं, कारण वही तिघं हाताळत आणि दुरुस्तीशेजारी सही करायची पद्धतच नव्हती. म्हणजे लबाडीचा पुरावा नाही. दोष नोंद ठेवण्याच्या पद्धतीतला.

आता ‘दोघांनाही समज’ हे वाक्य त्यांनी स्वतःच खोडलं. लिपिकाविरुद्ध काहीही सिद्ध नसताना त्याला समज देणं म्हणजे तटस्थपणा नव्हता, समितीची भीती होती. शिफारशी तीन झाल्या. पहिल्या आरोपातला अपशब्द आणि वही आपटणं यांवर सक्षम अधिकाऱ्याने सेवानियमांनुसार निर्णय घ्यावा. शिक्षा कोणती हे समितीने लिहिलं नाही, तो तिचा अधिकारच नव्हता. दुसरी, नोंदवहीत चुकीचा आकडा एका रेघेने खोडावा, शेजारी सही आणि तारीख असावी. तिसरी, निर्णय होईपर्यंत लिपिकाने दुसऱ्या अधिकाऱ्याला काम दाखवावं, पण त्याची जागा आणि काम बदलू नये, नाहीतर तक्रार करणाऱ्याचीच बदली झाली असं दिसतं.

एक गोष्ट त्यांनी शेवटच्या भेटीत सांगितली, खरं तर पहिल्याच बैठकीत सांगायला हवी होती: पूर्वी दोन वर्षं त्या याच पर्यवेक्षकांच्या हाताखाली होत्या. झोप का उडाली होती ते मला तेव्हा कळलं. ही माहिती समितीला आणि दोन्ही पक्षांना लेखी द्या, कुणाचा आक्षेप आला तर बाजूला व्हायची तयारी ठेवा, आणि अहवालाच्या सुरुवातीला तसं नमूद करा, असं मी सांगितलं. आक्षेप आला नाही.

अहवालावर खूश कुणीच झालं नाही. लिपिकाला वहीचा मुद्दा पटला नाही, पर्यवेक्षक कित्येक आठवडे त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. मग एकदा ते त्यांच्या टेबलापाशी येऊन म्हणाले, “तुम्ही मला तापट लिहिलंत.” बाईंनी त्यांनाच मिळालेली प्रत मागितली, पुढे सरकवली आणि म्हणाल्या, “कुठे लिहिलंय ते दाखवा.” त्यांनी पानं चाळली. तो शब्द त्यात नव्हता.