‘वुड यू माइंड’च्या पुढे ‘टू कम’ का बसत नाही?

प्रश्न: ‘वुड यू माइंड कमिंग’ बरोबर आणि ‘वुड यू माइंड टू कम’ चूक, असे आमचे सर सांगतात. मग ‘वुड यू लाइक टू कम’ कसे चालते? कारण कोणीच सांगत नाही.

मी कोल्हापुरात शाहूपुरीमध्ये संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी घेतो आणि ही चूक दर वर्षी वहीत पाहतो. ती निष्काळजीपणातून होत नाही, मराठीतून होते. मराठीत आपण ‘तुम्हाला यायला आवडेल का?’ असे म्हणतो आणि ‘तुम्हाला यायला काही हरकत आहे का?’ असेही म्हणतो. दोन्हीकडे ‘यायला’ हे एकच रूप येते. त्यामुळे पहिल्या वाक्यातील ‘यायला’साठी ‘टू कम’ चालले, तर दुसऱ्यासाठीही चालेल, असे मन गृहीत धरते. इंग्रजी मात्र या दोन जागा वेगळ्या ठेवते.

‘माइंड’ या क्रियापदाचा येथील अर्थ ‘वाईट वाटणे, त्रास वाटणे, हरकत असणे’ असा आहे. ज्या गोष्टीचा त्रास वाटतो ती गोष्ट या क्रियापदाच्या लगेच पुढे येते, आणि ती नाम असते. ‘डू यू माइंड द नॉइज?’ म्हणजे या गोंगाटाचा तुम्हाला त्रास होतो का, आणि ‘आय डोन्ट माइंड द हीट’ म्हणजे मला उन्हाचे काही वाटत नाही. आता गोंगाटाच्या किंवा उन्हाच्या जागी एखादी क्रिया ठेवायची असेल, तर त्या क्रियेला नामाचे रूप द्यावे लागते. मराठीत ते काम ‘णे’ करतो: येणे, थांबणे, पाठवणे. इंग्रजीत तेच काम क्रियापदाला ‘इंग’ लावून होते: कमिंग, वेटिंग, सेंडिंग. म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो की ‘यायला हरकत आहे का’ हे वाक्य इंग्रजीत नेण्यापूर्वी मनात ‘येण्याला हरकत आहे का’ असे करून घ्या. ‘येणे’ हा शब्द मनात आला की ‘कमिंग’ आपोआप सुचते.

‘टू कम’ हे रूप बहुतेक वेळा पुढे असलेल्या, इच्छिलेल्या किंवा ठरवलेल्या गोष्टीकडे बोट दाखवते. ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’ आणि ‘वुड लाइक’ यांच्यापुढे ते शोभते, कारण या सर्वांत मनाचा ओढा पुढच्या कृतीकडे असतो. ‘माइंड’मध्ये तसा ओढा नसतो. तेथे एक गोष्ट समोर ठेवलेली असते आणि तिच्याबद्दल तुम्हाला काय वाटते, एवढेच विचारलेले असते. तरीही हे स्पष्टीकरण प्रत्येक क्रियापदाला लावू नये. ‘सजेस्ट’ आणि ‘कन्सिडर’ पुढच्या गोष्टींबद्दल असूनही ‘इंग’च घेतात. कोणत्या क्रियापदाला कोणते रूप लागते ही शेवटी त्या शब्दाची सवय असते. ‘एन्जॉय’, ‘अव्हॉइड’, ‘फिनिश’ आणि ‘माइंड’ हे चार शब्द ‘इंग’बरोबर पाठ असले, तर रोजच्या लिहिण्यातील बराचसा गोंधळ संपतो.

एखाद्या पुस्तकात ‘आय हॅव अ माइंड टू कम’ असे वाक्य दिसले तर गोंधळू नये. तेथे ‘माइंड’ हे क्रियापद नसून ‘मन’ या अर्थाचे नाम आहे. वाक्याचा अर्थ ‘यायचे माझ्या मनात आहे’ असा होतो.

आता एक खरा प्रसंग सांगतो, कारण या वाक्याची दुसरी अडचण त्यातून कळते. शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ओतकामाच्या एका कारखान्यात काम करणारा माझा एक विद्यार्थी परदेशी ग्राहकाला ईमेल लिहीत होता. तयार झालेले सुटे भाग गुरुवारी तपासून घ्यावेत, अशी विनंती करायची होती. त्याने लिहिले, ‘वुड यू माइंड टू कम टू कोल्हापूर ऑन थर्सडे?’ ग्राहकाला अर्थ कळला, कारण अशा चुकीने अर्थ अडत नाही, फक्त वाक्य परके वाटते. त्याचे उत्तर आले, ‘नो, नॉट अ‍ॅट ऑल.’ विद्यार्थ्याच्या साहेबांनी ‘नो’ एवढेच पाहिले आणि पाहुणे येत नाहीत असे समजून तपासणीची तयारी थांबवली. विद्यार्थ्याने ते उत्तर संध्याकाळी मला दाखवले, तेव्हा बुधवार होता.

‘नो’ म्हणजे नकार नव्हता. प्रश्न हरकतीचा होता, म्हणून ‘नाही’ म्हणजे ‘हरकत नाही’, अर्थात ‘येतो’. येथे मराठी आपल्याला खरोखर मदत करते. ‘काही हरकत आहे का?’ असे कोणी विचारले तर आपणही ‘नाही, नाही, अजिबात नाही’ म्हणूनच होकार देतो. घोटाळा तेव्हा होतो, जेव्हा आपण ‘वुड यू माइंड’चे मनातल्या मनात ‘याल का?’ असे भाषांतर करतो. मग ‘नो’ हे ‘नाही येणार’ असे ऐकू येते. त्या रात्रीच साहेबांना फोन गेला आणि तयारी पुन्हा सुरू झाली.

त्याच विद्यार्थ्याने पुढे विचारले की मग पाहुण्यांना अंबाबाईच्या दर्शनाला आणि रात्री तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणाला बोलावतानाही ‘वुड यू माइंड कमिंग’ लिहावे का. तेथे ते व्याकरणाने बरोबर असले तरी शोभत नाही. ‘माइंड’मध्ये समोरच्याला थोडा त्रास पडणार आहे हे गृहीत असते, म्हणून ते विनंतीसाठी योग्य आहे. तपासणीसाठी लांबचा प्रवास करायला लावणे हा त्रासच आहे. आग्रहाने जेवायला बोलावताना मात्र ‘वुड यू लाइक टू कम’ म्हणावे. पाहुण्याला आवडेल का, हेच तेथे विचारायचे असते.

येणारा मीच असेन तर वाक्य बदलते. ‘वुड यू माइंड कमिंग’मध्ये येणारे तुम्ही आहात. मी येऊ का असे विचारायचे असेल तर ‘वुड यू माइंड इफ आय केम?’ म्हणावे. येथे ‘कम’ऐवजी ‘केम’ हे भूतकाळी रूप पाहून विद्यार्थी दचकतात, पण ‘मी आलो तर चालेल का?’ या आपल्याच वाक्यात ‘आलो’ हेही भूतकाळी रूप आहे आणि तरी बोलणे उद्याचेच असते. एक फरक मात्र लक्षात ठेवावा: ‘चालेल का?’ला होकार ‘हो’ने मिळतो, तर ‘माइंड’ला ‘नो’ने. नकारार्थी विनंतीत ‘नॉट’ हा शब्द ‘इंग’च्या आधी येतो, जसे ‘वुड यू माइंड नॉट पार्किंग हिअर?’

विद्यार्थ्याने दुसऱ्या वेळी लिहिलेले वाक्य असे होते: ‘वुड यू माइंड कमिंग टू कोल्हापूर अगेन नेक्स्ट मंथ?’ उत्तर पुन्हा ‘नॉट अ‍ॅट ऑल’ असेच आले, आणि या वेळी साहेबांनी ते वाचताच स्टेशनवर गाडी पाठवायची वेळ विचारली.