शिजलेल्या पास्त्याच्या शंभर ग्रॅममध्ये पास्ता किती?

प्रश्न: पाकिटावर १०० ग्रॅम पास्त्यात ३७१ कॅलरी आणि १३ ग्रॅम प्रोटीन लिहिलंय. मी शिजवून, पाणी काढून २०० ग्रॅम मोजून खाते, म्हणून २६ ग्रॅम प्रोटीन धरते. पण ॲपमध्ये "शिजवलेला पास्ता" टाकला की तेवढ्याचेच जेमतेम १२ ग्रॅम दाखवतंय. उकळताना प्रोटीन पाण्यात जातं का, की ॲप चुकतंय? घरी दोघांचा एकाच पातेल्यात शिजतो, त्यामुळे कच्चा वेगळा मोजणं जमत नाही.

उत्तर:

प्रोटीन कुठेही गेलेलं नाही आणि ॲपही बरोबर आहे. तुमच्या २०० ग्रॅममध्ये जवळपास सव्वाशे ग्रॅम निव्वळ पाणी आहे, आणि त्या पाण्यालाही तुम्ही पास्त्याचाच भाव लावताय.

भाताच्या बाबतीत ही चूक आपल्याकडे कोणी करत नाही. एक वाटी तांदळाचा तीन वाट्या भात झाला म्हणून तांदूळ तिप्पट झाले असं कुणाला वाटत नाही, कारण "किती तांदूळ लावू?" असंच आपण विचारतो. पास्ता पाकिटातून येतो, आकडे छापलेले असतात, आणि ते कोरड्या मालाचे आहेत हे ताटात वाढताना लक्षातून जातं.

कोणताही आकडा कोरड्याचा की शिजलेल्याचा, हे ओळखायला मी एकच गोष्ट करते: प्रोटीन, कार्ब आणि फॅट यांची बेरीज. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात साध्या कोरड्या पास्त्याच्या १०० ग्रॅमला १३ ग्रॅम प्रोटीन, सुमारे ७५ ग्रॅम कार्ब आणि दीड ग्रॅम फॅट आहे. बेरीज नव्वदच्या आसपास. उरलेले दहा ग्रॅम म्हणजे कोरड्या पास्त्यातही असणारी ओल. त्याच तक्त्यात शिजलेल्या पास्त्याला १५८ कॅलरी, ५.८ ग्रॅम प्रोटीन, ३१ ग्रॅम कार्ब आणि एक ग्रॅमहून किंचित कमी फॅट. इथे बेरीज ३८ सुद्धा होत नाही. बाकीचे ६२ ग्रॅम पाणी. ॲपमध्ये लोकांनी स्वतः भरलेल्या नोंदींत "बॉइल्ड पास्ता" असं नाव आणि कार्ब ७२, असले नमुने सर्रास सापडतात. उकडलेल्या पास्त्यात ७२ ग्रॅम कार्ब बसूच शकत नाहीत, मग पाणी राहणार कुठे? अशी नोंद दिसली की सोडून द्या. परदेशात राहणाऱ्यांनी पाकीटही नीट वाचावं. युरोपात आणि ब्रिटनमध्ये लेबलवर कोरड्याऐवजी शिजवलेल्या पदार्थाचे आकडे द्यायला मुभा आहे, फक्त शिजवायची कृती सोबत हवी. तिथल्या लेबलवर फायबर कार्बमध्ये धरत नाहीत, म्हणून बेरीज दोन-तीन ग्रॅमने कमी भरेल. त्याने गोंधळ होत नाही, नव्वद आणि अडतीस यांत तेवढं अंतर आहे.

आता "पाण्यात काही जातं का" हा तुमचा प्रश्न. जातं, पण प्रोटीन नव्हे. वेळलेलं पाणी गढूळ आणि थोडं चिकट दिसतं, भाताच्या पेजेसारखं. तो स्टार्च. हे त्याच दोन तक्त्यांवरून पडताळता येतं. शंभर ग्रॅम कोरडा पास्ता शिजून साधारण २२४ ग्रॅम झाला असं धरा. शिजलेल्याचं ५.८ ग्रॅम प्रोटीन २२४ ग्रॅमला लावलं की बरोबर १३ येतं, म्हणजे सगळं शाबूत. कार्ब मात्र ७५ ऐवजी ६९ भरतात. हे पाच-सहा ग्रॅम पातेल्यातल्या पाण्यात गेले. म्हणजे शंभर ग्रॅम कोरड्यामागे वीस-बावीस कॅलरी. मी त्या कधी वजा करत नाही, कारण तेवढा फरक तेलाच्या अर्ध्या चमच्यानेही पडतो. पण पास्ता हलक्या गव्हाचा असेल किंवा फार वेळ उकळला तर पाणी जास्त घट्ट होतं आणि गळतीही वाढते. ड्युरम गव्हाच्या रव्याचा पास्ता चांगला धरून राहतो, कारण त्यातलं ग्लुटेनचं जाळं फुगलेल्या स्टार्चला आत अडवून ठेवतं.

तर एका पातेल्यातून दोघांनी खायचं असेल तर काय करायचं? कच्चा वेगळा मोजायची गरजच नाही. कच्चा एकदा एकत्र मोजा आणि वेळल्यावर पुन्हा एकदा एकत्र मोजा. समजा तुम्ही १६० ग्रॅम कोरडा टाकलात आणि रोळीत निथळल्यावर तो ३५२ ग्रॅम भरला. ३५२ भागिले १६०, म्हणजे २.२ पट. तुम्ही ताटात १५० ग्रॅम घेतलात, तर १५० ला २.२ ने भागा: ६८ ग्रॅम कोरडा पास्ता. आता ॲपमध्ये कोरड्या पास्त्याची नोंद उघडून ६८ टाका. २५२ कॅलरी आणि ९ ग्रॅमला जरा कमी प्रोटीन. उरलेला २०२ ग्रॅम दुसऱ्याचा, म्हणजे ९२ ग्रॅम कोरडा. दोघांची बेरीज १६० होते का ते पाहिलं की हिशेब जुळला. तुमच्या जुन्या पद्धतीने त्याच १५० ग्रॅमचे साडेपाचशेहून जास्त कॅलरी आणि साडेएकोणीस ग्रॅम प्रोटीन लिहिले गेले असते. कॅलरी जास्त लिहिल्या गेल्या तर फार तर उपाशी राहाल, पण प्रोटीन दुपटीने लिहिलं गेलं तर रोजचं ठरवलेलं पूर्ण झालं असं समजून वरचं अंडं किंवा पनीर टाळलं जातं. मला यातला हा भाग जास्त वाईट वाटतो.

मग ॲपमधली "शिजवलेला" ही नोंद का वापरू नये? वापरा, बाहेर जेवताना दुसरा इलाजही नसतो. पण तो १५८ चा आकडा कुणाच्या तरी पातेल्यातल्या पाण्याचा आहे, तुमच्या नाही. मी एकदा हट्टाने एकाच पाकिटातला पेने तीन वेळा, दर वेळी शंभर ग्रॅम, उकळून पाहिला. नऊ मिनिटांनी काढलेला २०५ ग्रॅम भरला, मध्ये पांढरा ठिपका दिसत होता. बारा मिनिटांचा २३२. सोळा मिनिटांचा २६२, मुलांना आवडतो तसा लिबलिबीत. तिन्हींत कोरडा माल तोच. पण शिजलेल्या शंभर ग्रॅमचा हिशेब केला तर पहिल्याचे १८१ कॅलरी, दुसऱ्याचे १६०, तिसऱ्याचे १४२, आणि स्टार्चची गळती यात धरलेलीच नाही. पाणी बाहेरून आत शिरतं, म्हणून तो पांढरा ठिपका म्हणजे पाणी अजून न पोचलेला गाभा. कमी शिजवलेला पास्ता ताटात कमी दिसतो पण ग्रॅमला जड असतो. म्हणून मोजायचा पट प्रत्येक वेळी त्या दिवशीच्या पातेल्याचा, मागच्या आठवड्याचा नव्हे.

मोजण्यात चूक होते ती निथळताना. पेने किंवा मॅकरोनीच्या पोकळीत पाणी अडकून बसतं. रोळी दोन-तीनदा झटका, मिनिटभर ठेवा, मग काट्यावर घ्या. गार पाण्याखाली धुतला असेल तर जास्तच निथळवावा लागतो. आणि सॉस टाकण्याआधी मोजा. सॉस आधीच पडला असेल तरी बिघडत नाही, फक्त कढई रिकामी असतानाचं वजन माहीत हवं. माझ्या दोन कढया आणि एका पातेल्याची वजनं फ्रीजवर चिकटवलेल्या चिठ्ठीवर आहेत, भांड्यांवर रंगाने लिहायची कल्पना सासूबाईंनी नामंजूर केली. भरलेल्या कढईतून रिकामीचं वजन वजा करा, कोरडा पास्ता, तेल, चीज, टोमॅटो सगळ्यांचे कच्चे आकडे एकत्र करा आणि आपल्या वाट्याप्रमाणे भाग घ्या. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधला उरलेला पास्ता काढलात तर तो थोडा सुकून हलका झालेला असतो. तेव्हा कालचा पट लावू नका. रात्रीच डब्यात भरताना चिठ्ठी लावून ठेवा: "६० ग्रॅम कोरडा".

शेवयांच्या उपम्याला हे सगळं अर्धंच लागतं. पाणी मोजून घालतो, ते तिथेच मुरतं, वेळून काही टाकत नाही. त्यामुळे स्टार्चही जात नाही. भाजलेल्या शेवया किती घेतल्या तेवढंच लिहायचं.

नूडल्सना पास्त्याचा पट लावू नका. मी स्वतः काही महिने तांदळाच्या नूडल्सना २.२ लावत होते आणि रोज जास्त खाल्ल्याचं लिहीत होते. त्याच अमेरिकन तक्त्यात तांदळाच्या कोरड्या नूडल्सना १०० ग्रॅमला ३६४ कॅलरी आणि शिजलेल्यांना फक्त १०८, म्हणजे तीन पटींहून जास्त. पण त्या गरम पाण्यात नुसत्या भिजवून, किंचित कडक असतानाच कढईत परतल्या तर तेवढं पाणी घेत नाहीत, म्हणून तिथेही आपला आपला पट काढावा. ताज्या, मऊ पास्त्याची गोष्ट उलटी. त्यात पीठ मळतानाच पाणी आणि अंडं गेलेलं असतं, त्यामुळे तो उकळल्यावर सहसा कोरड्यापेक्षा कमी वाढतो. त्याच्या पाकिटावरची बेरीज केलीत तर ती नव्वद आणि अडतीस यांच्या मध्ये कुठेतरी येईल.

राहिल्या इन्स्टंट नूडल्स. त्यांच्यात "शिजलेल्याचे १०० ग्रॅम" या आकड्याला अर्थच नाही. सत्तर ग्रॅमच्या वडीत तुम्ही दोन वाट्या पाणी घातलंत की सूप, एक घातलंत की कोरड्या नूडल्स. पाणी वेळत नाही, त्यात उतरलेला स्टार्च आणि वडी तळताना मुरलेलं तेल दोन्ही आपणच पितो. बाऊल काट्यावर ठेवूच नका, पाकिटावर एका वडीचे आणि मसाल्याच्या पुडीचे मिळून जे आकडे असतील तेच लिहा. वडी अर्धी केलीत तर कोरडी असतानाच मोडून मोजा.