‘थई जशे’ म्हणजे नक्की कोण करणार?

‘वडोदऱ्यात मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात मी सात जणांची टीम सांभाळते. सोमवारची मीटिंग 45 मिनिटांची ठरलेली, पण दीड तास चालते आणि पुढच्या सोमवारी पुन्हा तेच विषय. मला कुणाला थांबवताच येत नाही. माझा स्वभावच आड येतोय का?’

स्वभावाकडे वळण्याआधी हे विचारणाऱ्या ताईंना मागच्या चार मीटिंगांच्या नोंदी आणायला सांगितलं. विषयपत्रिकेत एका विषयासाठी चारही वेळा एकच शब्द होता, ‘पॅकिंग’. नोंदीत ‘चर्चा झाली, सर्वांनी लक्ष द्यावे’. एकदा तर चक्क गुजरातीत ‘थई जशे’, म्हणजे होऊन जाईल! होईल खरं, पण करणार कोण?

नुसता ‘पॅकिंग’ लिहिला की कुणी फाटक्या खोक्यांवर बोलतो, कुणी मजुरांवर, आणि ठरवायचं काय तेच कळत नाही. म्हणून विषय प्रश्नाच्या रूपात लिहिला: ‘खोक्यांचा पुरवठादार बदलायचा का? आज निर्णय. 15 मिनिटं. दोन महिन्यांत फुटलेल्या खोक्यांचा आकडा स्टोअरकडून आधी यावा.’ ही पत्रिका शुक्रवारी दुपारीच सगळ्यांना गेली. सहा विषयांचे तीन झाले. नुसती माहिती द्यायची होती ती ग्रुपवर गेली. निर्णयाचा विषय पहिला आला, कारण शेवटी ठेवला की तोच नेमका राहून जातो.

घड्याळ ताईंकडून काढून घेतलं. चर्चा चालवणाऱ्याचं लक्ष बोलण्यात असतं, वेळ त्याच्या हातून निसटतोच. टीममधल्या धाकट्या मुलाकडे ते काम दिलं. पण तो मोठ्यांना मध्येच कसं टोकणार? त्याला पुठ्ठ्याचं कार्ड दिलं, ‘5 मिनिटं उरली’. वेळ संपल्यावर तीनच वाटा: निर्णय घ्या, कुठल्या विषयाचा वेळ कापायचा ते सांगून 5 मिनिटं वाढवा, किंवा दोघांना वेगळं बसायची तारीख द्या.

शेवटची 7 मिनिटं राखून ठेवली. त्यात प्रत्येकाने आपलं काम स्वतःच्या तोंडाने सांगायचं: ‘गुरुवारी 4 पर्यंत मी दोन पुरवठादारांचे दर ग्रुपवर टाकतो.’ एका कामाला नाव एकच. दोन नावं लिहिली की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. गैरहजर माणसाच्या नावावर काम टाकायचं नाही. आधी त्याला विचारायचं.

पहिल्या सोमवारी मीटिंग 70 मिनिटं चालली, तिसऱ्या सोमवारी 50. मात्र दर मागवण्याचं काम दोनदा पुढे ढकललं गेलं होतं. अशा वेळी नवी तारीख लिहून मोकळं होणं सोपं असतं, पण ताईंनी ‘अडलंय कुठे?’ असं विचारलं. दर मागवणाऱ्या मुलाला खरेदी विभागाने पुरवठादारांना थेट फोन करायची परवानगीच दिलेली नव्हती. ती मागायचं काम, बुधवारची तारीख घालून, ताईंनी स्वतःच्या नावावर लिहिलं.